समस्या निवारण: जुन्या टोपोशीटवरचे अंश-मिनिटे-सेकंद दशांश अंशांत आणल्यावर बिंदू भलत्याच जागी पडतात

पुणे जिल्ह्याच्या जुन्या टोपोशीटवरून उतरवलेल्या विहिरी, मंदिरे, खिंडी आणि त्रिकोणमितीय स्थानके यांच्या याद्या गेली काही वर्षे माझ्याकडे दुरुस्तीसाठी येत आहेत. याद्या वेगवेगळ्या असल्या तरी तक्रार बहुतेक एकच असते: सूत्र बरोबर आहे, उत्तरही येते, पण नकाशावर बिंदू जागेवर पडत नाही. गणित खरोखरच सोपे आहे. अंशांत मिनिटांचा साठावा भाग आणि सेकंदांचा छत्तीसशेवा भाग मिळवला की दशांश अंश मिळतात. त्यामुळे दोष सहसा सूत्रात सापडत नाही. सेलमध्ये जे दिसते आणि स्प्रेडशीटने जे साठवले आहे, त्या दोहोंतल्या फरकात तो सापडतो, आणि सगळे आकडे शुद्ध असूनही बिंदू सरकलेले असतील, तर कागद कोणत्या आधारावर छापला आहे याकडे पाहावे लागते.

लक्षणे

प्रथम बिंदू किती अंतराने आणि कोणत्या दिशेने चुकला आहे हे मोजून घ्यावे, कारण चुकीच्या आकारावरूनच अर्धे निदान होते. एखादी खूण पक्की ओळखता येईल असा एक बिंदू निवडून उपग्रह चित्रावर त्याचे अंतर मोजले तरी पुरते.

- सेलमध्ये `#VALUE!` येते, किंवा एकाच रकान्यातल्या काही किमती डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसतात.
- बिंदू दहा ते पन्नास किलोमीटर दूर पडतात आणि प्रत्येकाची चूक वेगळी असते.
- बिंदू अर्ध्या-पाऊण किलोमीटरपर्यंत चुकतात, किंवा अनेक बिंदू एकमेकांवर पडून जाळीसारखे दिसतात.
- सगळेच बिंदू एकाच दिशेने, साधारण सारख्याच अंतराने, म्हणजे शंभर-सव्वाशे मीटरने सरकलेले असतात.
- पुण्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पडतो.

शेवटचे लक्षण पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात, पण ते सर्वांत किरकोळ आहे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत `X field` मध्ये रेखांश आणि `Y field` मध्ये अक्षांश द्यायचा असतो, तर नकाशाच्या शोधपेटीत आधी अक्षांश लिहायची पद्धत आहे. रकाने बदलून पाहावेत आणि पुढे जावे.

पहिली तपासणी: बिंदू कागदाच्या चौकटीत आहे का?

या तपासणीला काहीच खर्च नाही आणि ती नेहमी सर्वांत आधी करावी. १:५०,००० प्रमाणाची प्रत्येक टोपोशीट पंधरा मिनिटे गुणिले पंधरा मिनिटांची असते. पुणे शहराचा बराचसा भाग ज्या ४७ एफ/१४ या शीटवर येतो, तिची चौकट १८°३०′ ते १८°४५′ उत्तर आणि ७३°४५′ ते ७४°००′ पूर्व अशी आहे. दशांशात सांगायचे तर अक्षांश १८.५० ते १८.७५ आणि रेखांश ७३.७५ ते ७४.०० यांच्या दरम्यानच असला पाहिजे. या शीटवरून उतरवलेला एखादा बिंदू त्याबाहेर गेला, तर तो चुकलाच आहे आणि त्याविषयी वेगळा वाद घालण्याची गरज नाही.

एक बिंदू घेऊन पाहू: १८°३०′४५″ उत्तर, ७३°५१′२०″ पूर्व. अक्षांशात ३० भागिले ६० म्हणजे ०.५ आणि ४५ भागिले ३६०० म्हणजे ०.०१२५, म्हणून एकूण १८.५१२५. रेखांशात ५१ भागिले ६० म्हणजे ०.८५ आणि २० भागिले ३६०० म्हणजे ०.००५५५६, म्हणून एकूण ७३.८५५५५६. हा बिंदू मंडईच्या आसपास पडतो.

आता माझ्याकडे सर्वाधिक वेळा आलेली चूक पाहावी. यादी उतरवणाऱ्याने अंशानंतर टिंब देऊन मिनिटे आणि सेकंद नुसते जोडून लिहिलेले असतात, म्हणजे `18.3045` आणि `73.5120`. ही संख्या अगदी दशांश अंशांसारखी दिसते, स्प्रेडशीटही ती तक्रार न करता स्वीकारते, आणि मंडईजवळचा बिंदू सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला व ३६ किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्याच्या बाजूला जाऊन पडतो. ही चूक प्रत्येक बिंदूला निराळी असते, कारण ती मिनिटांच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणून सगळे बिंदू एकत्र उचलून सरकवण्याचा उपाय येथे कधीच लागू पडत नाही.

ही चूक ओळखण्याची एक खूण मी नेहमी वापरतो. मिनिटे ५९ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे अशा जोडलेल्या किमतींचा दशांश भाग ०.६० पर्यंत कधीच पोहोचत नाही. मोठ्या प्रदेशाच्या यादीत एकाही बिंदूचा दशांश भाग ०.६० किंवा त्याहून अधिक नसेल, तर यादी रूपांतरित झालेली नाही असे समजावे. ४७ एफ/१४ पुरते तर हे आणखी सोपे आहे, कारण तेथे रेखांशाचा खरा दशांश भाग ०.७५ पेक्षा कमी असूच शकत नाही.

जोडलेल्या किमतींतून मूळ आकडे पुन्हा वेगळे करता येतात, परंतु शेवटचे शून्य गळालेले असू शकते हे ध्यानात ठेवावे. `73.512` ही ५१ मिनिटे २० सेकंद आहेत की ५१ मिनिटे २ सेकंद, हे त्या संख्येवरून कळणार नाही. ज्याने यादी केली त्याने दोन सेकंदांसाठी `02` लिहिले होते की `2`, यावर ते ठरते. अशा वेळी मूळ कागद पाहण्याला पर्याय नाही.

दुसरी तपासणी: सेलमध्ये संख्या आहे की मजकूर, की दिनांक?

चौकटीची तपासणी झाल्यावर रकान्याकडे नुसते पाहावे. स्प्रेडशीट संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटवते, आणि मुद्दाम मांडणी बदललेली नसेल, तर हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

भोर परिसरातल्या विहिरींच्या एका यादीत अक्षांश `18-09-10`, `18-13-25` असे मधल्या रेघांनी लिहिलेले होते. दिवस-महिना-वर्ष अशी भारतीय दिनांकमांडणी असलेल्या संगणकावर फाइल उघडताच पहिली किंमत १८ सप्टेंबर २०१० झाली. दुसरीत तेरावा महिना संभवत नसल्यामुळे ती मजकूर म्हणूनच राहिली. परिणामी एकाच रकान्यातल्या काही ओळी दिनांक झाल्या आणि काही झाल्या नाहीत. बारा मिनिटांपर्यंतच्या अक्षांशांना हा धोका असतो, म्हणून ज्या ४७ एफ/१६ शीटवर भोर येते आणि जिचे अक्षांश १८°००′ ते १८°१५′ आहेत, तिच्यावर तो वारंवार दिसतो. शहराच्या शीटवर मिनिटे तीसच्या पुढची असल्यामुळे तो दिसत नाही. म्हणूनच शहराच्या यादीवर नीट चाललेली पद्धत भोरच्या यादीवर अचानक बिघडली, असे लोक सांगत येतात.

यातून पुढचा गोंधळ असा होतो की कोणीतरी घाईने सेलचे स्वरूप मजकूर असे बदलतो आणि तेथे `40439` दिसू लागते. तो त्या दिनांकाचा अंतर्गत क्रमांक आहे. तो हाताने दुरुस्त करत बसू नये. स्वरूप पुन्हा दिनांकाचे करावे आणि, मूळ फाइल हाताशी नसेलच तर, पुढील सूत्राने दिवसातून अंश, महिन्यातून मिनिटे आणि वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांतून सेकंद परत मिळवावेत.

```
=DAY(A2)+MONTH(A2)/60+MOD(YEAR(A2),100)/3600
```

हे सूत्र फक्त दिनांक झालेल्या ओळींनाच लावायचे आहे. मूळ फाइल हाताशी असेल, तर ती नव्याने आत घेताना त्या रकान्याचा प्रकार आधीच `Text` निवडणे हाच स्वच्छ मार्ग आहे, कारण पूर्वी झालेला बदल `Undo` ने परत येत नाही.

तिसरी तपासणी: चिन्हे आणि अंक

`#VALUE!` येत असेल, तर आकड्यांना कोणते तरी चिन्ह चिकटलेले आहे असे समजावे. अंशाचे चिन्ह डोळ्यांना एकच दिसले, तरी संगणकाच्या दृष्टीने ते तीन वेगळ्या वर्णांपैकी कोणतेही असू शकते. पुढील सूत्र तिसऱ्या स्थानावरच्या वर्णाचा क्रमांक सांगते.

```
=UNICODE(MID(A2,3,1))
```

उत्तर १७६ आले, तर ते खरे अंशचिन्ह आहे. १८६ किंवा ७३० आले, तर त्याच्यासारखे दिसणारे दुसरे चिन्ह आहे, आणि खऱ्या अंशचिन्हावर आधारलेला शोध-बदल त्याला शिवणारही नाही. मिनिटांच्या खुणेबाबत हाच अनुभव येतो: साधे अवतरण, वाकडे अवतरण आणि खरे मिनिटचिन्ह हे तीन वेगळे वर्ण आहेत, आणि सेकंदांसाठी काही जण दोन एकेरी अवतरणे लागोपाठ टंकतात. मराठी कळफलक चालू राहिल्यामुळे काही ओळींत देवनागरी अंक आलेले असणे ही आपल्याकडची खास अडचण आहे. हा लेख देवनागरी अंकांत असला, तरी सेलमध्ये मात्र इंग्रजी अंकच टंकावेत, कारण `१८` हा वाचणाऱ्यासाठी अंक असला, तरी स्प्रेडशीट त्याला मजकूर धरू शकते.

एकाच सेलमधून सगळे उकलणारे लांबलचक सूत्र लिहिण्यापेक्षा `Text to Columns` वापरून अंश, मिनिटे आणि सेकंद तीन स्वतंत्र रकान्यांत आणावेत, असे माझे मत आहे. लांब सूत्र एका प्रकारच्या चिन्हांवर चालते आणि पाचशेव्या ओळीवर थांबते, पण तीन रकान्यांत चूक डोळ्यांसमोर राहते. `B`, `C`, `D` हे रकाने झाल्यावर `E` मध्ये रूपांतर आणि शेजारी खातरजमा ठेवावी.

```
=B2+C2/60+D2/3600
=AND(COUNT(B2:D2)=3,C2<60,D2<60)
```

दुसरे सूत्र अनावश्यक वाटेल, पण त्याचे काम महत्त्वाचे आहे. सेकंदांचा सेल रिकामा राहिला, तर पहिले सूत्र त्याला शून्य धरून निमूटपणे उत्तर देते. पुण्याच्या अक्षांशावर एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २९ मीटर, म्हणजे गळालेले ४५ सेकंद जवळजवळ १.४ किलोमीटरची चूक करतात. मिनिटे साठ किंवा त्याहून अधिक दिसली, तर अंक वाचण्यात चूक झालेली असते. जुन्या छपाईत ३ आणि ८ यांची गल्लत वारंवार होते.

सेकंदांचा रकाना पूर्ण रिकामा असून मिनिटांतच अपूर्णांक असतील, उदाहरणार्थ `30.75`, तर काही बिघडलेले नाही. ती दशांश मिनिटांची मांडणी आहे. तेथे सेकंदांच्या जागी शून्य भरून तेच सूत्र वापरावे.

उत्तर उलटे फिरवून पाहणे ही शेवटची खात्री. स्प्रेडशीट तास-मिनिटे-सेकंद साठाच्याच हिशोबाने मांडते, त्यामुळे पुढील सूत्र दशांश अंशांतून मूळ आकडे परत दाखवते, आणि ते कागदाशी ताडून पाहता येतात.

```
=TEXT(E2/24,"[h]:mm:ss")
```

`18.5125` दिल्यावर `18:30:45` आले पाहिजे. चौकोनी कंस गाळू नयेत, नाहीतर रेखांशाचे ७३ अंश चोवीसच्या चक्रात फिरून `1` असे दिसतात.

चौथी तपासणी: दशांशस्थळे कोठे गळाली?

स्प्रेडशीटमध्ये उत्तर बरोबर, पण नकाशाच्या प्रणालीत नेल्यावर बिंदू जाळीसारखे मांडलेले दिसतात, तेव्हा दोष फाइल जतन करण्यात असतो. एक्सेल `CSV` करताना सेलमध्ये जे दिसते तेच लिहिते. रकाना दोन दशांशस्थळे दाखवत असेल, तर `18.5125` ऐवजी `18.51` बाहेर जाते, आणि अक्षांशात सुमारे साडेपाचशे मीटरपर्यंत चूक पडू शकते. जतन करण्यापूर्वी रकान्यावर सहा दशांशस्थळांचे स्वरूप लावावे. पाच स्थळांत एका मीटरइतकी अचूकता मावते, त्यामुळे सहाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

पाचवी तपासणी: कागदाचा आधार

वरील सर्व तपासण्या उत्तीर्ण होऊनही प्रत्येक बिंदू आग्नेयेकडे शंभर-सव्वाशे मीटर सरकलेला दिसत असेल, तर आकड्यांशी झटापट थांबवावी. रूपांतर बरोबर आहे. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावर मोजलेले आहेत आणि त्यांचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर येथे आहे, तर मोबाइल, उपग्रह चित्रे आणि आजचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर चालतात. एकाच खांबाला या दोन आधारांवर दोन वेगळे आकडे मिळतात. पुण्याच्या परिसरात हा फरक उत्तर-दक्षिण सुमारे शंभर मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ऐंशी मीटर इतका भरतो. कोणता आधार आहे हे शीटच्या समासातल्या टिपांत पाहावे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी काढलेल्या खुल्या मालिकेच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, त्यामुळे त्यांना हा उपचार करू नये.

स्प्रेडशीटमध्येच सर्व किमतींत एक ठरावीक आकडा मिळवण्याचा मोह येथे होतो. एका शीटपुरते ते काही अंशी चालतेही, पण तो फरक जागेनुसार बदलतो, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला तो आकडा कोठून आला हे कळत नाही. त्याऐवजी क्यूजीआयएसमध्ये `Add Delimited Text Layer` ने यादी आत घेताना `Geometry CRS` म्हणून `EPSG:4146` निवडावे आणि नंतर तो थर `EPSG:4326` मध्ये निर्यात करावा. प्रणालीने रूपांतराचे पर्याय विचारले, तर भारतासाठीचा पर्याय घ्यावा. काहीच न विचारता बिंदू तसूभरही हलले नाहीत, तर रूपांतर झालेलेच नाही असे समजावे. एवढे करूनही वीस-बावीस मीटरची अनिश्चितता राहते, आणि हे रूपांतर त्याहून अधिक अचूकतेचा दावाही करत नाही.

शिवाय कागदाचीही मर्यादा आहे. १:५०,००० प्रमाणावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर, आणि अक्षांशाचा एक सेकंद कागदावर जेमतेम ०.६ मिलिमीटर भरतो. पट्टीने मोजून सेकंदांचे दशांश लिहिलेले दिसले, तर त्या दशांशांवर विश्वास ठेवू नये.

कोठे थांबावे

विहीर शोधायला जायचे असेल, पदभ्रमणाची वाट आखायची असेल किंवा जुन्या-नव्या वस्तीची तुलना करायची असेल, तर वरील उपचार पुरेसे आहेत. परंतु प्रश्न जमिनीच्या हद्दीचा, विहिरीच्या मालकीचा, रस्त्याच्या रुंदीकरणात जाणाऱ्या क्षेत्राचा किंवा बांधकामाच्या आखणीचा असेल, तर स्प्रेडशीट बंद करावी. वीस मीटरच्या अनिश्चिततेत दोन शेजाऱ्यांचा बांध कोठेही दाखवता येतो. हद्दीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, आणि बांधकामासाठी सर्वेक्षकाकडून अचूक जीएनएसएस उपकरणाने जागेवरच मोजणी करून घ्यावी. पाचवी तपासणी झाल्यावरही काही बिंदू एका दिशेला आणि काही दुसऱ्या दिशेला पन्नास मीटरहून अधिक सरकत असतील, तर यादी एकाहून अधिक शीटांवरून, कदाचित वेगवेगळ्या आधारांवरून गोळा झालेली आहे. अशा वेळी प्रत्येक ओळीसमोर तिचा शीट क्रमांक लिहून घ्यावा, आणि तो मिळत नसेल, तर यादी मूळ कागदांसह सर्वेक्षकाकडे द्यावी.